बस तिकिटाच्या वेबसाइटची पाच जणांवर चाचणी: नाशिकमध्ये आखताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकहून पुण्याला गाड्या सोडणाऱ्या एका ट्रॅव्हल्सच्या तिकीट साइटची युजेबिलिटी टेस्ट, म्हणजे लोकांना ती वापरायला लावून ते कुठं अडतात हे बघणारी चाचणी, आम्ही केली. तेव्हापासून इथले वेबसाइट बनवणारे आणि ट्रॅव्हल्सवाले आम्हाला तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवतो आहोत. उदाहरणं जवळजवळ सगळी त्याच एका कामातली आहेत. लोक साइट मोबाइलवरच वापरत असल्यामुळे चाचणीही मोबाइलवरच घेतली.

पाचच माणसं का? पाच जणांवरून काय कळणार?

या आकड्यामागे एक साधं गणित आहे. जेकब नीलसन आणि टॉम लँडाउर या संशोधकांनी 1993 मध्ये ते मांडलं. एखादी अडचण एका माणसाला येण्याची शक्यता p असेल, तर n माणसांत ती निदान एकदा तरी दिसण्याची शक्यता अशी काढतात:

```
1 - (1 - p)^n
```

त्यांनी तपासलेल्या प्रकल्पांत p सरासरी 0.31 निघाला. त्यात n च्या जागी 5 घातले की उत्तर येतं सुमारे 0.84. म्हणजे सरासरी अडचणींपैकी बहुतेक पाच माणसांतच दिसतात. सहाव्या, सातव्या माणसापासून तेच तेच पुन्हा दिसायला लागतं. आहे त्या पैशांत पंधरा जणांची एकच मोठी चाचणी घेण्यापेक्षा पाच-पाच जणांच्या तीन चाचण्या घ्या आणि मध्ये दुरुस्त्या करा, हा नीलसन यांचा सल्ला आम्हाला प्रत्यक्षातही पटला आहे.

मात्र 0.31 ही सरासरी आहे. दहातल्या एकालाच येणारी अडचण घ्या, म्हणजे p = 0.1. मग पाच माणसांत ती दिसण्याची शक्यता 41 टक्केच उरते. लॉरा फॉकनर यांनी 2003 मध्ये साठ जणांच्या चाचणीतून पाच-पाचचे गट पुन्हा पुन्हा उचलून पाहिले. सरासरी 85 टक्क्यांच्या आसपासच आली, पण एखाद्या गटाला फक्त 55 टक्के अडचणी सापडल्या होत्या. तेव्हा पाच जण अडले नाहीत म्हणून साइट निर्दोष आहे, असा अर्थ कुणी काढू नये. पाच जण जिथं अडले तिथं दुरुस्ती हवी, एवढंच खात्रीनं म्हणता येतं.

मग पाच कधी पुरत नाहीत?

साइट वापरणाऱ्यांचे दोन अगदी वेगळे गट असतील तेव्हा. स्वतःचं तिकीट काढणारा प्रवासी आणि दिवसाला पन्नास तिकिटं काढणारा एजंट एकाच पाचात बसवू नका. एजंटला जे शॉर्टकट लागतात ते प्रवाशाला कोडं वाटतात. अशा वेळी प्रत्येक गटातून तीन-चार जण घ्या. आम्ही एजंटांना पूर्ण बाजूला ठेवलं. त्यांचा पडदाच वेगळा होता.

माणसं कुठून आणायची? ऑफिसातली मंडळी चालतील का?

ऑफिसातली नकोत, आणि त्यांचे भाऊ-बहिणीही शक्यतो नकोत. साइट बनताना ज्यांच्या कानावर 'बोर्डिंग पॉइंट', 'स्लीपर', 'पार्शल कॅन्सल' हे शब्द शंभरदा पडले आहेत त्यांना ती अवघड जात नाही.

निवडताना 'ऑनलाइन तिकीट काढता का' असं विचारू नका. सगळे 'हो' म्हणतात. त्याऐवजी मागची गोष्ट विचारा: 'मागच्या वेळी पुण्याला कधी गेलात, तिकीट कुणी काढलं, कशावर काढलं?' एक गृहस्थ 'हो हो, नेहमी ऑनलाइनच' म्हणाले आणि पुढच्याच वाक्यात कळलं की तिकीट मुलगा काढतो आणि त्यांना व्हॉट्सअॅपवर पाठवतो. त्यांना आम्ही घेतलं नाही. आम्हाला स्वतः तिकीट काढणारे हवे होते.

आमचे पाच जण असे होते. हिंजवडीत नोकरी करणारा आणि महिन्यातून दोनदा घरी येणारा सिडकोतला तरुण. अंबडच्या कारखान्यात शिफ्टमध्ये काम करणारे एक जण. कॉलेज रोडला कपड्यांचं दुकान चालवणाऱ्या ताई. निफाडकडचे द्राक्ष बागायतदार काका. आणि नाशिक रोडच्या एक निवृत्त शिक्षिका, ज्या लेकीकडे पुण्याला स्वतःच्या तिकिटानं जातात. वय, शहरातला भाग आणि मोबाइलचा सराव यांत फरक हवा म्हणून अशी निवड केली. काम मात्र सगळ्यांचं एकच होतं, नाशिक-पुणे.

सहावा माणूस राखीव ठेवा. पाचातला एक जण ऐनवेळी येत नाही, हे गृहीतच धरा.

टास्क कसा लिहायचा? आम्ही 'पुण्याचं तिकीट काढा' एवढंच सांगतो.

चाचणी बिघडते ती बहुतेक वेळा इथंच, म्हणून हे उत्तर जरा लांब आहे.

'पुण्याचं तिकीट काढा' म्हटलं की माणूस समोर येईल ते दाबत जातो. त्याला कुठल्याही वेळेची, कुठलीही गाडी चालते. प्रत्यक्षात कुणी असं तिकीट काढत नाही. लग्नाचा मुहूर्त असतो, आईचे गुडघे दुखत असतात, नाशिकच्या द्वारका चौकातून चढलं तर रिक्षाचे पैसे वाचतात. अडचणी याच अटींमध्ये लपलेल्या असतात.

दुसरी चूक उलटी आहे. टास्कमध्येच साइटवरचे शब्द लिहायचे. आमच्या पहिल्या मसुद्यात असं होतं:

'बोर्डिंग पॉइंट म्हणून द्वारका निवडा आणि दोन लोअर सीट सिलेक्ट करा.'

हे वाचून माणूस पडद्यावर 'बोर्डिंग पॉइंट' ही अक्षरं शोधतो आणि सापडली की दाबतो. त्याला त्या शब्दाचा अर्थ कळला का, हे आपल्याला कळतच नाही. मग आम्ही ते असं लिहिलं:

'येत्या शनिवारी सकाळी आईला घेऊन पुण्याला निघायचं आहे. तुम्ही द्वारकेजवळ राहता. आईचे गुडघे दुखतात, तिला चढ-उतर जमत नाही. दोघांची सोय होईल असं तिकीट काढा.'

यात साइटवरचा एकही शब्द नाही, पण चढण्याचं ठिकाण आणि खालची सीट दोन्ही आपोआप तपासली जातात. लिहून झालं की टास्कचा कागद आणि साइटचा पडदा शेजारी ठेवा. पडद्यावरचं एखादं बटण किंवा मथळा कागदावर जसाच्या तसा आला असेल तर तो बदला. गावांची नावं तेवढी राहतील, त्याला इलाज नाही.

दुसरा टास्क असा होता:

'शनिवारी तुमचं काम रात्री दहाला संपतं. घरी जेवून निघायचं आहे. रविवारी सकाळी नऊला पुण्यात लग्नाला पोचायचं आहे. तिकीट काढा.'

यात मुद्दाम तारीख दिली नाही आणि गाडीची वेळही दिली नाही. त्याचं कारण पुढे नोंदींच्या प्रश्नात येईल.

तिसरा टास्क पहिल्यावर बेतलेला होता: 'आईचा बेत रद्द झाला. तुम्ही एकटे जाणार आहात. आईच्या तिकिटाचं काय ते करा आणि किती पैसे परत मिळतील ते मला सांगा.' शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. माणसानं तोंडानं आकडा सांगितला की त्याला पडदा नीट कळला की नाही ते लगेच समजतं.

आम्ही तीनच टास्क घेतले. पाऊण तासात तीनपेक्षा जास्त घेतले की शेवटी माणूस थकून 'झालं, झालं' म्हणायला लागतो. एका कागदावर एकच टास्क मोठ्या अक्षरांत छापा आणि सहभागी माणसाला तो मोठ्यानं वाचायला सांगा. वाचता वाचता त्याचा आवाज मोकळा होतो आणि पुढं बोलणं सोपं जातं.

प्रत्येक टास्क यशस्वी झाला हे कोण ठरवणार?

तुम्हीच, आणि चाचणीच्या आधी, कागदावर. दुसऱ्या टास्कसाठी आम्ही लिहिलं होतं: रविवारच्या तारखेचं, रात्री 12:15 च्या गाडीचं तिकीट, कुणाच्या मदतीशिवाय. निकालाचे चार प्रकार ठेवले. स्वतःहून जमलं. मदतीनं जमलं. सोडून दिलं. चौथा प्रकार आमच्या मते सगळ्यांत घातक: चुकीचं तिकीट निघालं आणि माणसाला ते बरोबर वाटलं. हा चौथा प्रकार वेगळा मांडला नाही तर तो 'पूर्ण झाला' या रकान्यात जाऊन बसतो आणि कुणाच्या नजरेलाच येत नाही.

साइटवर आधी काय तयारी लागते?

चाचणीसाठी साइटची वेगळी प्रत लागते, जिच्यावर खऱ्या सीट विकल्या जात नाहीत. तिकिटाच्या साइटवर पुढच्या चार गोष्टी खास बघाव्या लागतात.

पहिली, सीट. पहिल्या माणसानं खालच्या सीट घेतल्या की दुसऱ्याला त्या 'विकल्या गेल्या' अशा दिसतात आणि दोघांची परीक्षा वेगळी होते. म्हणून प्रत्येकानंतर सगळं मूळ स्थितीत आणणारी सोय डेव्हलपरकडून आधीच करून घ्या.

दुसरी, सीट धरून ठेवण्याचं घड्याळ. आमच्या साइटवर आठ मिनिटं मिळत होती. मोठ्यानं बोलत काम करणारा माणूस नेहमीपेक्षा हळू जातो, त्यामुळे तालमीत घड्याळ संपलं आणि सीट सुटल्या. चाचणीपुरता तो वेळ आम्ही अर्ध्या तासावर नेला. आठ मिनिटं पुरतात का हा प्रश्न तुमच्यासाठी महत्त्वाचा असेल तर तो वेगळ्या वेळी, माणसाला बोलायला न लावता तपासा.

तिसरी, पैसे. सहभागी माणसाचा यूपीआय पिन कधीही टाकायला लावू नका. पैसे भरण्याचा पडदा चाचणीच्या मोडमध्ये ठेवा, किंवा तिथं पोचल्यावर 'पैसे भरले असं समजा' म्हणा. ओटीपी येतो तो तुमच्याकडच्या नंबरवर येऊ द्या.

चौथी, गाड्यांचा दिवस. टास्कमध्ये शनिवार असेल तर चाचणी शनिवारी ठेवू नका. सुटून गेलेल्या गाड्या यादीतून गळतात आणि सकाळी आलेल्याला एक यादी दिसते, संध्याकाळी आलेल्याला दुसरी.

मोबाइल कुणाचा वापरायचा?

सहभागी माणसाचा स्वतःचा. निवृत्त शिक्षिकाबाईंच्या मोबाइलवर अक्षरं सगळ्यांत मोठी केलेली होती. त्यामुळे सीटच्या नकाशाखालचं 'पुढे' हे बटण पडद्याबाहेर ढकललं गेलं होतं. आमच्या टेबलावरच्या मोबाइलवर हे आम्हाला कधीच दिसलं नसतं.

स्वतःच्या मोबाइलवर पडदा रेकॉर्ड केला तर खासगी मेसेज दिसतात. म्हणून एका स्टँडवर दुसरा मोबाइल उलटा लावून वरून फक्त हात आणि पडदा टिपा, चेहरा नको. मोबाइल 'डू नॉट डिस्टर्ब'वर ठेवायला सांगा. रेकॉर्डिंगची परवानगी मराठीत, एका पानावर, सुरुवातीलाच घ्या: काय टिपणार, कोण बघणार, कधी पुसणार. मधूनच उठून जायची मुभा आहे आणि तरी मानधन मिळेल, हेही त्यातच लिहा.

'मोठ्यानं विचार करा' हे मराठीत कसं सांगायचं? लोक लाजतात.

'विचार मोठ्यानं व्यक्त करा' असं म्हटलं की माणूस भाषण द्यायला लागतो. आम्ही म्हणतो, 'मनात जे चाललंय ते तोंडानं बोलत राहा. काय बघताय, काय शोधताय, काय होईल असं वाटतंय. मला समजावून सांगायचं नाही, स्वतःशी पुटपुटल्यासारखं.' समजावून सांगणं आणि पुटपुटणं यांत मोठा फरक आहे. समजावताना माणूस कारणं जुळवतो आणि त्याच्या कामाची रीतच बदलते. एरिक्सन आणि सायमन या संशोधकांनी 1980 च्या दशकात या पद्धतीचा पाया घातला. त्यांचंही सांगणं हेच होतं: जे मनात आहे तेवढंच बोलू द्या, कारणमीमांसा मागू नका.

मग सराव द्या, पण साइटवर नको. 'तुमच्या घरात खिडक्या किती, ते मनात मोजा आणि मोजताना बोला.' निफाडच्या काकांनी सुरुवात केली, 'पुढच्या पडवीला दोन... नाही, एक बुजवली आपण... मग देवघर...' आणि त्यांना समजलं की असंच बोलायचं आहे. सरावाला दोन मिनिटं लागतात.

आणखी एक वाक्य प्रत्येकाला सांगा: 'तपासतोय ती साइट. तुम्ही अडलात तर चूक साइटची.' आपल्याकडे माणूस अडला की आधी 'मलाच येत नाही' म्हणतो आणि मग गप्प होतो. हे वाक्य सुरुवातीला एकदा आणि पहिल्यांदा अडल्यावर पुन्हा एकदा म्हणा.

ते गप्प बसले तर? किंवा मलाच विचारलं, 'इथं दाबू का?'

पंधरा-वीस सेकंद शांतता झाली की फक्त 'बोलत राहा' म्हणा. 'का थांबलात?' असं विचारू नका, ते जाब विचारल्यासारखं वाटतं.

'इथं दाबू का?' याला उत्तर द्यायचं, 'मी इथं नसतो तर काय केलं असतं?' हे पहिल्यांदा तुटक वाटतं, म्हणून आधीच सांगून ठेवा की मी मध्ये उत्तरं देणार नाही, शेवटी सगळं सांगेन.

एखादा शब्द त्यांनी उच्चारला की तोच परत द्या. दुकानवाल्या ताई म्हणाल्या, 'हे काहीतरी ड्रॉपिंग...' आम्ही विचारलं, 'ड्रॉपिंग?' त्या म्हणाल्या, 'म्हणजे ते सीट सोडून देणं असेल, कॅन्सल.' त्यांना तो उतरण्याचा थांबा वाटलाच नव्हता. 'ड्रॉपिंग म्हणजे कुठं उतरायचं ते कळलं ना?' असं विचारलं असतं तर त्या 'हो' म्हणाल्या असत्या आणि ही गोष्ट हातची गेली असती.

'बरोबर', 'छान', 'अगदी' हे शब्द चाचणीपुरते विसरा. एकदा 'बरोबर' म्हटलं की पुढच्या वेळी तुम्ही ते म्हणाला नाहीत, हीच त्यांना चुकल्याची खूण होते. 'हं' पुरतं, आणि तेही प्रत्येक वेळी एकाच सुरात.

मदत कधीच करायची नाही का?

माणूस अडून अस्वस्थ झाला तर करायची, पण ठरवून. आमचा नियम असा होता: एकाच जागी तीन वेगळे प्रयत्न झाले, किंवा 'आता मी सोडून दिलं असतं' असं ते म्हणाले, की आधी विचारायचं, 'घरी असतात तर आता काय केलं असतं?' काका म्हणाले, 'ऑफिसला फोन लावला असता.' ते उत्तर मिळालं की निकाल लागला. तो लिहून घ्या आणि मग पुढच्या पडद्यावर नेऊन ठेवा, म्हणजे पुढचा भाग तरी तपासता येतो.

मालकांना बघायचं आहे. त्यांना खोलीत बसवावं का?

बघू द्यावंच, पण शेजारच्या खोलीत, पडद्यावर. एका वेगळ्या कामात मालक खोलीतच बसले होते. सहभागी माणूस सीटच्या नकाशाशी झगडत होता आणि चौथ्या मिनिटाला मालक म्हणाले, 'अहो, खाली सरकवा ना, खाली आहे.' त्यांचा हेतू मदतीचाच होता. पण त्या टास्कचा निकाल तिथंच संपला आणि उरलेला वेळ तो माणूस पडद्याऐवजी मालकांकडे बघून काम करत राहिला. आता आम्ही मालकांच्या हातात नोंदीचे कागद देतो. लिहिण्याचं काम असलं की बोलण्याची घाई होत नाही.

नोंदी कशा घ्यायच्या?

माणसाशी बोलणारा एक आणि लिहिणारा दुसरा. एकट्यानं दोन्ही होत नाही. लिहिणाऱ्याचे रकाने तीन: काय केलं, काय बोलले, आणि वेगळ्या रंगात, मला काय वाटलं. तिसरा रकाना पहिल्या दोहोंत मिसळू द्यायचा नाही. 'गोंधळले' हे निरीक्षण नाही, तो तुमचा निष्कर्ष आहे. 'तीनदा मागे गेले आणि तारीख पुन्हा बघितली' हे निरीक्षण.

दुसऱ्या टास्कचंच उदाहरण घ्या. साइटच्या प्रतीत शनिवारी रात्री अकराची गाडी आम्ही भरलेली ठेवली होती. उरली ती 12:15 ची. मध्यरात्र उलटल्यावर सुटणारी गाडी तारखेनं रविवारची असते. पण बोलताना आपण तिला 'शनिवारी रात्रीची सव्वाबाराची' म्हणतो. अंबडच्या कारखान्यातल्या भाऊंची नोंद अशी आहे:

केलं: कॅलेंडरमध्ये शनिवार निवडला. यादीत सगळ्यांत वर 12:15 दिसली, ती दाबली. सीट घेतली. पैशांच्या पडद्यापर्यंत न थांबता गेले.

बोलले: 'शनिवार... रात्रीची हवी... अकराची फुल आहे. ही सव्वाबाराची आहे की, वरच आहे. बेस्ट. पाच-साडेपाचला पोचेल.'

मला वाटलं: तारीख एकदाही तपासावीशी वाटली नाही. खात्री पूर्ण होती.

त्यांनी काढलेलं तिकीट शुक्रवारी रात्री जेवण झाल्यावर सुटणाऱ्या गाडीचं होतं. शनिवारी रात्री ते बॅग घेऊन मुंबई नाक्यावर उभे राहिले असते, तेव्हा त्यांची गाडी जाऊन चोवीस तास झाले असते. पाचपैकी तिघांनी हेच केलं आणि तिघांनाही तिकीट बरोबर वाटलं. शिक्षिकाबाईंनीही शनिवारच निवडला होता, पण शेवटच्या पडद्यावर तारीख वाचताना थांबल्या, 'अगं, ही तर पहाटेची' म्हणाल्या आणि मागे गेल्या. हिंजवडीच्या तरुणानं मात्र सरळ रविवार निवडला. विचारलं तर म्हणाला, 'एकदा अशीच गाडी हुकलीय.'

आता टास्कमध्ये तारीख का दिली नव्हती ते लक्षात येईल. आम्ही 'रविवार' असं छापलं असतं तर पाचही जणांनी बरोबर तिकीट काढलं असतं.

पाचपैकी एकच जण अडला तर ते धरायचं का?

किती जण अडले यापेक्षा अडल्यानं काय नुकसान होतं ते आधी बघा. तिकीट शोधताना काकांनी 'नाशिक' टाइप केलं, खाली आलेल्या यादीत 'नाशिक फाटा' दिसलं आणि तेच दाबलं. नाशिक फाटा पिंपरी-चिंचवडमध्ये आहे. हे एकाच माणसाचं झालं, पण निकाल 'गाड्या उपलब्ध नाहीत' असा आला आणि काका म्हणाले, 'म्हणजे आज गाड्याच नाहीत.' इथं गिऱ्हाईक परत जातं. ही दुरुस्ती आम्ही वरच्या यादीत घातली: शहर आधी, थांबा नंतर, आणि थांब्याच्या नावाशेजारी त्याचं शहर.

उलट चौघांनी म्हटलं होतं की हिरवा रंग फार भडक आहे. त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. ते खाली गेलं.

अहवालात '60 टक्के लोक चुकले' असं लिहू का?

नको. 'पाचपैकी तीन' असंच लिहा. पाच माणसांवरून टक्केवारी काढली की वाचणाऱ्याला ती सगळ्या गिऱ्हाइकांची वाटते. सरासरी वेळही काढू नका. एकतर माणसं थोडी, त्यात बोलत काम केल्यानं वेळ वाढलेला. जुनं डिझाइन चांगलं की नवं, किती टक्के बुकिंग वाढेल, हेही या चाचणीतून कळत नाही. त्यासाठी चालू साइटवरचे मोठे आकडे लागतात. ही चाचणी माणूस कुठं अडतो आणि का, एवढंच सांगते.

वेळापत्रक आणि खर्च?

पाऊण तासाचं एक सत्र आणि नंतर पाऊण तास मोकळा. त्यात साइट मूळ स्थितीत आणायची आणि बघणाऱ्या सगळ्यांनी ताज्या आठवणीतून तीन-तीन मुख्य गोष्टी लिहायच्या. पहिल्या दिवशी तीन, दुसऱ्या दिवशी दोन. त्याच्या दोन दिवस आधी एका माणसावर तालीम करा आणि ती पाचात मोजू नका. सीटचं घड्याळ आम्हाला तालमीतच सापडलं होतं.

जागा शांत हवी. रस्त्याकडेच्या खोलीत हॉर्नमुळे पुटपुटणं ऐकूच येत नाही. मानधन आम्ही ₹500 आणि येण्या-जाण्याचं भाडं दिलं. अंबडच्या भाऊंची शिफ्ट सुटल्यावर संध्याकाळी सहाची वेळ ठेवली. माणसांच्या वेळेला आपण जुळवून घ्यायचं, नाहीतर दुपारी मोकळी असलेली मंडळीच तेवढी मिळतात.

दुरुस्तीनंतर पुन्हा त्याच पाच जणांना बोलवायचं का?

नाही, नवे पाच. जुन्यांना खाचखळगे पाठ झालेले असतात. टास्क मात्र तेच ठेवा.

12:15 च्या गाडीसाठी आम्ही आधी यादीत नुसती 'रविवार' अशी बारीक ओळ घातली होती. दुसऱ्या फेरीतल्या पहिल्या दोघांनी ती वाचलीच नाही. त्याच रात्री डेव्हलपरनं ती काढली आणि ही गाडी शनिवारच्या यादीत सगळ्यांत खाली, अकराच्या गाडीनंतर आणली, शेजारी 'शनिवारी रात्री 12:15, पुण्यात रविवारी पहाटे' असं लिहून. उरलेल्या तिघांनी बरोबर तिकीट काढलं. बदल चाचणीच्या मध्येच केला होता, त्यामुळे तिघांच्या जोरावर प्रश्न मिटला असं आम्ही धरलं नाही. तिसऱ्या फेरीच्या पाच जणांसाठी तो टास्क जसाच्या तसा राखून ठेवला आहे.